राजहंसगडाचं आभाळ चार-पाच आकारांत: इंकस्केप काही महिने वापरल्यावर

मोबाइलवर काढलेल्या सूर्यास्तांची सपाट ग्रेडियंट चित्रं मी गेल्या पावसाळ्यापासून इंकस्केपमध्ये करतोय. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. पण कस लागतो तो आभाळाच्या रंगांत.

येळ्ळूरच्या राजहंसगडावरून पश्चिमेला काढलेला एक फोटो घेऊ. वर गर्द निळं, क्षितिजाला केशरी, पलीकडे डोंगरांच्या रांगा. `Trace Bitmap` वापरायचा मोह होतो, पण त्यात ढगाच्या प्रत्येक छटेचा वेगळा तुकडा पडतो आणि साधेपणाच जातो. त्यापेक्षा फोटो खालच्या लेयरला लॉक करावा आणि वर आभाळापुरता एकच चौकोन काढावा.

वरचा रंग `#1F3A6E`, खालचा `#F28C38`. एवढे दोनच दिले तर मधोमध `#896353` येतो, म्हणजे ओढ्याला पूर आल्यावरचं गढूळ पाणी. कारण सॉफ्टवेअर लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही आकड्यांची सरळ सरासरी काढतं, आणि निळा-केशरी हे जवळजवळ विरुद्ध रंग आहेत. फोटोतलं आभाळ तसं जात नाही. ते फिकट गुलाबी-जांभळ्यातून पिवळ्यावर येतं आणि मग केशरी होतं. म्हणून मध्ये दोन थांबे घालायचे: `#B98CA8` साधारण ५५ टक्क्यांवर, `#F6C177` ८० टक्क्यांवर. समान अंतरावर ठेवू नका. उबदार रंग तळाशीच दाटलेले असतात.

ड्रॉपरने नुसतं क्लिक केलं तर एकाच पिक्सेलचा रंग येतो, त्यात मोबाइलचा दाणा असतो. क्लिक करून ओढलं की वर्तुळातली सरासरी मिळते. सूर्याचा रंग मात्र फोटोतून घेऊच नये, तिथे नुसतं जळलेलं पांढरं असतं. मी फिकट पिवळा भरतो.

डोंगर तीनच ठेवतो. लांबचा जवळपास आभाळाच्या रंगाचा, जवळचा सर्वांत गडद. कडा फोटोवरून गिरवताना निम्मे नोड काढून टाकले तरी रांग ओळखू येते. माझ्या मते उलट जास्त येते. गडाची तटबंदी एवढीच काय ती सरळ रेषांत.

कटकट एकाच गोष्टीची: मोठ्या पोस्टरवर वरच्या निळ्यात पट्टे दिसतात. जवळच्या दोन छटा लांबवर ताणल्या की ८ बिटांत मधल्या पायऱ्या अपुऱ्या पडतात. पीएनजी काढल्यावर हलका दाणा टाकला की ते मोडतात. मी तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो.

छपाईत केशरी थोडं मंद पडतं, कारण शाईला पडद्याइतकं झळाळणं जमत नाही. बेळगावात फ्लेक्सवाल्याकडे जायच्या आधी हातभर तुकडा छापून बघतो. कॅलेंडरच्या आकाराला ते खपतं. दुकानाच्या पाटीला मी हे चित्र देणार नाही.