पक्षाघातानंतर वाढलेलं प्रेशर: लगेच उतरवायचं की थांबायचं?

पक्षाघाताचा रुग्ण दाखल होतो, एक बाजू लुळी, बोलणं अडखळतं आणि प्रेशर २००/११०. इथे डॉक्टरपुढे दोन वाटा असतात. एक, पुढच्या दोन-चार तासांत औषधाने प्रेशर १४०च्या आसपास आणायचं. दुसरी, लक्ष ठेवून एक-दोन दिवस ते तसंच राहू द्यायचं. तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. हे लिहितोय ते रुग्ण आधी ज्यांच्याकडे येतो त्या डॉक्टरांसाठी, आणि "दोनशे आहे तरी काही देत का नाहीत?" म्हणून आयसीयूच्या दाराशी काळजीत उभ्या असलेल्या घरच्यांसाठीही.

तुलना गुठळीने होणाऱ्या पक्षाघातापुरती आहे. रक्तस्रावाचं गणित वेगळं, त्याकडे पुढे येतो.

लगेच उतरवण्याची बाजू आधी मांडतो, कारण ती अडाणीपणाची नाही. एवढ्या दाबाने मेंदूला सूज येईल, मेलेल्या भागात रक्त उतरेल, हृदयावर ताण येईल, ही भीती खरी आहे. शिवाय २०१४ साली चीनमधल्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या दोन दिवसांत प्रेशर बेताने कमी केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व वाढलं नाही. पण ते कमीही झालं नाही. त्या अभ्यासात औषध सुरू व्हायला बऱ्याच जणांचे कितीतरी तास उलटून गेले होते, आणि २२०/१२०च्या वरचे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. म्हणून त्यातून "उतरवलं तर चालतं" एवढंच निघतं, असं मी समजतो. "उतरवायलाच हवं" असं निघत नाही.

आता थांबण्याची बाजू. निरोगी मेंदू आपला रक्तपुरवठा स्वतः सांभाळतो. प्रेशर वरखाली झालं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतात किंवा रुंदावतात आणि प्रवाह जवळपास तेवढाच ठेवतात. गुठळी अडकली की तिच्या पुढच्या भागात ही सोय बंद पडते. मधला गाभा लवकर मरतो, पण त्याच्या कडेचा बराच भाग उपाशी तरी जिवंत असतो आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांतून वळून येणाऱ्या रक्तावर तग धरतो. कालव्याच्या टेलला असलेल्या शेतासारखी त्याची अवस्था असते: वरून दाब कमी झाला की पहिलं कोरडं पडणारं शेत तेच. पक्षाघातानंतर प्रेशर चढण्यामागे भीती, वेदना आणि शरीरात उसळलेली संप्रेरकं असतात, तशीच या भागापर्यंत रक्त पोचवण्याची शरीराची धडपडही असते. बहुतेकांचं प्रेशर पहिल्या दिवसापासूनच आपोआप उतरू लागतं आणि आठवडा-दहा दिवसांत नेहमीच्या पातळीला येतं. म्हणून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन किंवा नळी घालून गुठळी काढणं होणार नसेल, तर २२०/१२०पर्यंत हात लावायचा नाही. त्याच्या वर गेलं तर पहिल्या चोवीस तासांत साधारण १५ टक्केच कमी करायचं, म्हणजे २३० असेल तर १९५च्या आसपास.

माझा कल ठरवला तो एका त्रासाने: उतरवलेलं प्रेशर हवं तेव्हा परत चढवता येत नाही. विशेषतः कॅप्सूल टोचून जिभेखाली दिलेलं निफेडिपिन. ते जिभेखाली फारसं शोषलंच जात नाही, गिळलं जाऊन पोटातून रक्तात जातं, आणि मग प्रेशर किती कोसळेल हे कुणाच्या हातात राहत नाही.

एक रुग्ण सांगतो. वय साठीच्या पुढे, प्रेशरचा जुना त्रास. सकाळी उठल्यापासून उजवा हात जड, पण उचलता येत होता. आधी जिथे नेलं तिथे प्रेशर २१०/११० म्हणून कॅप्सूल दिली. दुपारी आमच्याकडे पोचले तेव्हा १२४/७०. सिस्टर म्हणाल्या, "सर, प्रेशर तर छान आहे." हात मात्र आता गादीवरून हलत नव्हता. खालच्या आकड्याची दुप्पट वरच्यात मिळवून तिनाने भागलं की सरासरी दाब मिळतो: आधी १४३, आता ८८. जवळजवळ ४० टक्के घट. ज्याचा मेंदू वर्षानुवर्षं चढ्या दाबाला सरावला आहे, त्याला ८८ हा आकडा आपल्याला वाटतो तितका सुरक्षित नसतो. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, साखर ठीक होती. उशी काढून सपाट झोपवलं, नॉर्मल सलाईन लावलं आणि प्रेशरच्या गोळ्या बंद ठेवल्या. संध्याकाळी वरचा आकडा १६०च्या पुढे गेला तसा हात पुन्हा गादीवरून उचलला जाऊ लागला. पूर्ण ताकद आली नाही. एका रुग्णावरून नियम होत नाही हे मान्य, पण प्रेशरबरोबर हात खाली गेलेला आणि वर आलेला पाहिल्यावर माझा हात औषधाकडे पटकन जात नाही.

थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, आणि ही वाट जास्त मेहनतीची आहे. प्रेशर चांगल्या हातावर, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं, आणि दर वेळी हातापायाची ताकद, बोलणं, शुद्ध पाहावी लागते. आकडा अचानक चढला की मी आधी ओटीपोटावर हात ठेवतो. लघवी तुंबलेली असते, रुग्णाला सांगता येत नाही, आणि ती काढल्यावर प्रेशर बिनऔषधाचं खाली येतं. डोकेदुखी, ताप, कमी पडणारा ऑक्सिजन यांचंही तसंच. चढत्या प्रेशरबरोबर उलट्या आणि गुंगी वाढली, तर मात्र पुन्हा स्कॅन.

पहिली वाट जिथे निर्विवाद बरी, त्या जागाही आहेत. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर आधी १८५/११०च्या खाली आणि नंतर चोवीस तास १८०/१०५च्या आत ठेवावंच लागतं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तेव्हाही शिरेतून लॅबेटॅलॉल १० मिलिग्रॅम सावकाश देऊन परत मोजलेलं बरं. सोबत हार्ट अटॅक, फुप्फुसात पाणी किंवा महाधमनीला चीर असेल तर थांबता येत नाही. आणि स्कॅनमध्ये मेंदूतला रक्तस्राव दिसला, तर पहिल्या तास-दोन तासांतच १४०च्या आसपास आणायला सुरुवात करायची, १३०च्या खाली न जाता.

हा फरक बाहेरून ओळखू येत नाही. २०२४ साली चीनमधल्याच एका अभ्यासात स्कॅनच्या आधी, ॲम्ब्युलन्समध्येच प्रेशर उतरवून पाहिलं. रक्तस्रावाच्या रुग्णांना फायदा झाला, गुठळीच्या रुग्णांचं नुकसान झालं, आणि एकूण बेरीज शून्याजवळ आली. म्हणून खेड्यातून फोन आला की मी एवढंच म्हणतो: डॉक्टर, जिभेखाली काही देऊ नका, साखर तपासा, तोंडाने पाणीही नको, आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून स्कॅन असलेल्या ठिकाणी पाठवा.

नेहमीच्या गोळ्या पुन्हा कधी, हा घरच्यांचा पुढचा प्रश्न असतो. रुग्ण स्थिर असेल, गिळणं तपासलं असेल किंवा नाकातून नळी असेल, आणि प्रेशर १४०/९०च्या वर राहत असेल, तर मी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक गोळी सुरू करतो. आधी तीन चालू असल्या तरी एकच, आणि दुसरी वाढवण्याआधी हाताची ताकद पुन्हा पाहून.