चार जीबीचा क्रोमबुक की साधा टॅब्लेट: गेम खरंच कशावर चालतो?

सिडकोत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा यंदा नववीत गेला. अभ्यासाला काहीतरी घ्यायचंच होतं, त्यामुळे दोन पर्याय समोर होते: सेलेरॉन प्रोसेसरचा क्रोमबुक किंवा साधा अँड्रॉइड टॅब्लेट. दोन्हींत रॅम ४ जीबी, स्टोरेज ६४ जीबी. त्याला हवे होते तीन गेम, माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स आणि फोर्झा होरायझन ५. ताई म्हणाली, "दादा, रॅम सारखीच आहे ना? मग कीबोर्डवालाच घेऊ की." गेमसाठी मात्र ती रॅम सारखी नाही.

टॅब्लेटवर अँड्रॉइड थेट हार्डवेअरवर चालतं. क्रोमबुकवर आधी क्रोमओएस असतं आणि अँड्रॉइड त्याच्या आत, एका वेगळ्या आभासी मशीनमध्ये चालतं. म्हणजे त्याच ४ जीबीत दोन बिऱ्हाडं. शिवाय अँड्रॉइडचे पुष्कळ गेम एआरएम प्रोसेसरसाठीच बनवलेले असतात. सेलेरॉन हा इंटेलचा, त्यामुळे असा गेम खेळताना त्याच्या सूचनांचं सतत भाषांतर करावं लागतं आणि त्यातही ताकद जाते. मीडियाटेकची एआरएम चिप असलेला क्रोमबुक घेतला तर हे भाषांतर टळतं, दुसरं बिऱ्हाड टळत नाही. म्हणून तेवढ्याच रॅमचा साधा टॅब्लेट रोब्लॉक्ससारख्या गेममध्ये बहुतेक वेळा कमी अडखळतो. क्रोमबुकवर ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडे ठेवून गेम सुरू केला आणि तो मध्येच आपोआप बंद झाला, तर रॅम संपली असं समजावं. टॅब बंद करून पुन्हा खेळून बघावं.

माइनक्राफ्टची गोष्ट वेगळी. २०२३ पासून त्याची क्रोमबुकसाठीची अधिकृत आवृत्ती आहे आणि कीबोर्ड-माउसवर तो खेळायला फार छान वाटतो. इथे मी क्रोमबुकच्या बाजूचा. क्रोमबुकवर लिनक्सही सुरू करता येतं, मग सुपरटक्सकार्टसारखा मोफत रेसिंग गेम लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एका ओळीत बसतो:

```
sudo apt install supertuxkart
```

साध्या मशीनवर ग्राफिक्स कमी ठेवावे लागतात, पण गेम आपल्याच मशीनवर चालतो. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाची आशा मात्र सोडा. क्रोमबुकवरचं स्टीम कायम बीटातच राहिलं आणि १ जानेवारी २०२६ ला बंद झालं. जुने व्हिडिओ पाहून कुणी त्यासाठी क्रोमबुक घेऊ नये.

आपल्याच मशीनवर चालणारा गेम म्हणजे ऑफलाइन, असंही नाही. रोब्लॉक्स मशीनवर चालतो तरी त्याला नेट लागतंच, फक्त त्याचा डेटा थोडा असतो. माइनक्राफ्टचं एकट्याचं जग वीज गेल्यावर, राउटर बंद असतानाही उघडतं.

आता फोर्झा. पीसीवर त्याला १०० जीबीच्या वर जागा लागते, म्हणजे या दोन्हींवर तो बसणारच नाही. तिथे फक्त स्ट्रीमिंग. एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ पासून भारतात मिळतं. त्यात गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्याकडे नुसतं चित्र येतं, त्यामुळे प्रोसेसर साधा असला तरी भागतं. सगळा भार नेटवर पडतो. साधारण १५ एमबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला जवळजवळ ७ जीबी जातात. मोबाइलचा रोजचा २ जीबीचा पॅक १८ मिनिटांत संपेल. घरी फायबर नसेल तर हा विषय इथेच थांबतो.

फायबर असूनही गेम अडकत असेल तर दोष कुठे आहे ते क्रोमबुकवर पाहता येतं. Ctrl+Alt+T दाबा आणि आधी घरच्या राउटरला, मग बाहेर पिंग करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते कळेल (राउटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो, प्रत्येक पिंग Ctrl+C ने थांबवा):

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

राउटरचाच आकडा ३ वरून एकदम ८० मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, दोष घरातल्या वाय-फायचा आहे. ताईच्या इमारतीत नेमकं हेच होतं. प्रत्येक घरात राउटर आणि सगळे २.४ गिगाहर्ट्झवर. ५ गिगाहर्ट्झवर गेल्यावर आकडा खाली आला. म्हणून स्ट्रीमिंगसाठी टॅब्लेट घेणार असाल तर दुकानात आधी विचारा, "ड्युअल बँड वाय-फाय आहे का?" स्वस्त टॅब्लेटमध्ये ५ गिगाहर्ट्झ असेलच असं नाही. फोर्झासाठी ब्लूटूथ कंट्रोलरचा खर्च दोन्हीकडे धरावा.

शाळेच्या खात्याने क्रोमबुक वापरणार असाल तर प्ले स्टोअर आणि लिनक्स दोन्ही शाळेकडून बंद असू शकतात. आणि जुना क्रोमबुक बघत असाल तर सेटिंग्जमध्ये क्रोमओएसच्या माहितीत अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख आधी वाचा.

मुलाचा जीव रोब्लॉक्समध्ये जास्त असता तर मी टॅब्लेटच घ्यायला लावला असता. पण त्याचं पहिलं प्रेम माइनक्राफ्ट, टायपिंगही शिकायचं आहे आणि घरी फायबर आहे. ताईने क्रोमबुक घेतला, फक्त मी तिला ८ जीबी रॅमचा घ्यायला लावला.