किल्ली माझ्याच हातात होती, तरी कुलूप उघडायला पैसे मोजले

लिहिताना थोडी लाजच वाटते आहे, कारण मी काही नवशिकी नाही. कामासाठी रोज संगणक वापरते. तरी ज्या फाइलचा पासवर्ड मला पाठ होता, तिचं कुलूप काढून देतो म्हणणाऱ्या एका संकेतस्थळाला मी पैसे दिले, कार्डाचा क्रमांक दिला आणि शेवटी तो पासवर्डही दिला.

झालं असं. तीन वर्षांची खात्याची विवरणपत्रं माझ्याकडे होती, महिन्याला एक अशा छत्तीस पीडीएफ फाइली. सगळ्यांना एकच पासवर्ड, माझी जन्मतारीख आठ अंकांत. हिशेब बघणाऱ्या माणसाला त्या उघड्या स्वरूपात हव्या होत्या. छत्तीस वेळा पासवर्ड घालायला तो तयार नव्हता, आणि फाइलींतले आकडे थेट तक्त्यात ओढून घ्यायचे होते. म्हणजे फाइल माझी, पासवर्ड मला माहीत, फक्त कुलूप नसलेली प्रत जतन करायची होती. मी ‘पीडीएफचा पासवर्ड काढा’ असं शोधलं आणि वर आलेल्या पहिल्याच दुव्यावर गेले.

अगदीच डोळे मिटून विश्वास ठेवला असं नाही. आधी चाचणी म्हणून एक जुनी माहितीपुस्तिका टाकली. ती पासवर्डशिवाय उघडायची, पण छापता यायची नाही आणि तिच्यातला मजकूरही उचलता यायचा नाही. काही सेकंदांत ती मोकळी होऊन आली, तीही फुकट. मला वाटलं, इथे काम खरंच होतं. याच चाचणीने मला खड्ड्यात घातलं, ते कसं हे पुढे सांगते.

मग पहिलं विवरणपत्र टाकलं. पासवर्ड विचारलाच नाही. एक पट्टी सरकू लागली, खाली ‘कूटबद्धता तपासत आहोत’, ‘किल्ली शोधत आहोत’ अशा ओळी बदलत राहिल्या आणि पाऊण मिनिटात हिरवी खूण आली: पासवर्ड सापडला, फाइल तयार आहे. ती उतरवून घेण्यासाठी सात दिवसांची चाचणी सदस्यता घ्यायची होती, अगदी किरकोळ रकमेची. मी कार्ड भरलं. पैसे गेल्यावर पुढचं पान उघडलं आणि तिथे लिहिलं होतं: ‘कृपया या फाइलचा पासवर्ड टाका.’

इथे थांबायला हवं होतं. ज्याला पासवर्ड सापडला तो मला कशाला विचारेल? पण पैसे भरून झाले होते, काम खोळंबलं होतं, मी टाकला. फाइल आली, पासवर्डशिवाय उघडली आणि मी ती पुढे पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी हिशेबवाल्याचा निरोप आला: “यात अक्षरंच नाहीत.” त्याचं बरोबर होतं. प्रत्येक पान म्हणजे पानाचा फोटो होता. शोध चालत नव्हता, एकही आकडा निवडता येत नव्हता, आणि मोठं करून पाहिलं तर तीन आणि आठ यांत फरक कळत नव्हता. मूळ फाइल चौदा पानांची आणि २४० केबीची होती, ही जवळजवळ ९ एमबीची. कुलूप काढल्याने फाइल अशी फुगत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आठव्या दिवशी कार्डावरून पूर्ण वर्षाचं शुल्क गेलं. ते चाचणी रकमेच्या तिसेक पट होतं. सदस्यता बंद करायचं बटण शोधून सापडलं नाही, शेवटी कार्डच बंद करून घेतलं.

माझी भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला सांगितलं तर ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने पहिला प्रश्न विचारला, “मावशी, ती पुस्तिका उघडताना पासवर्ड लागत होता का?” नव्हता लागत. “मग ती फुकट मोकळी होणारच होती.”

तिने समजावलं ते असं. पीडीएफला दोन वेगवेगळे पासवर्ड असू शकतात. एक फाइल उघडण्याचा. दुसरा मालकाचा, म्हणजे छापणं, मजकूर उचलणं, बदल करणं यांवर बंधनं घालणारा. माझ्या पुस्तिकेला फक्त दुसरा होता. अशी फाइल कुणालाही उघडता येते, म्हणजेच तिच्यातला मजकूर उलगडण्याची किल्ली वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कसलाही पासवर्ड न देता मिळते. ‘छापू नका’ ही नुसती सूचना असते. चांगले प्रोग्रॅम ती पाळतात, ज्याला पाळायची नाही तो सहज बाजूला सारतो. उघडण्याच्या पासवर्डाची गोष्ट निराळी. तिथे किल्ली पासवर्डातूनच तयार होते. पासवर्ड नाही तर किल्ली नाही, आत फक्त अर्थहीन बाइट. माझ्या चाचणीने त्या संकेतस्थळाचं सोपं काम खरं ठरवलं आणि मी त्यावरून अवघड दाव्यावर विश्वास ठेवला.

मी म्हटलं, पण त्यांनी खरोखर शोधून काढला असेल तर? भाची जरा थांबली आणि म्हणाली, हे अगदीच अशक्य नाही. शंभर वर्षांत साधारण ३६,५०० तारखा. पासवर्ड जन्मतारखेचा आहे असा अंदाज असला, तर एक साधा संगणक त्या सगळ्या फार लवकर लावून बघू शकतो. (हे ऐकून मला त्या विवरणपत्रांच्या कुलपाबद्दलच जास्त काळजी वाटली, पण ते असो.) म्हणून तिने परीक्षा घेतली. एक कोरं पान, त्याची पीडीएफ, तिला तीस यादृच्छिक अक्षरांचा पासवर्ड आणि २५६ बिटची एईएस कूटबद्धता. असा पासवर्ड अंदाजाने सापडणं आजच्या कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. ती फाइल तिने त्याच संकेतस्थळावर चढवली. तीच पट्टी, त्याच ओळी, पाऊण मिनिटात तीच हिरवी खूण: पासवर्ड सापडला. म्हणजे पट्टी नुसती सरकत होती, मागे काहीच चालू नव्हतं. असा दावा तपासायचा असेल, तर ही कोऱ्या पानाची युक्ती कुणालाही करता येईल, आणि त्यात आपलं काही उघड होत नाही.

आता जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते. पासवर्ड माहीत असेल तर काही तोडायचं नसतंच. फाइल उलगडायची आणि कूटबद्धता न लावता पुन्हा लिहायची, बस. भाचीने `qpdf` नावाचा मोफत प्रोग्रॅम दाखवला. तो आपल्याच संगणकावर चालतो, फाइल कुठेही जात नाही. पासवर्ड आदेशातच लिहिला तर तो आदेशांच्या इतिहासात राहतो, म्हणून तिने तो `pass.txt` या फाइलच्या पहिल्या ओळीत लिहायला लावला आणि काम झाल्यावर ती फाइल पुसून टाकली.

```
qpdf --password-file=pass.txt --decrypt bandh.pdf ughdi.pdf
qpdf --show-encryption ughdi.pdf
```

दुसरी ओळ तपासणीची. उत्तरात `File is not encrypted` आलं की काम झालं. पासवर्ड चुकला असेल तर पहिल्याच ओळीला `invalid password` असं स्पष्ट उत्तर येतं. इथे सरकणारी पट्टी नाही, हिरवी खूण नाही. आमची पहिली फाइल डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झाली. आकार मूळ फाइलच्या जवळपास तेवढाच, मजकूर निवडता येतो, शोध चालतो. छत्तीस फाइलींसाठी तिने हाच आदेश फेरीत बसवला आणि उघड्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये लिहवल्या. मूळ फाइलवरच पुन्हा लिहिण्याची सोयही या प्रोग्रॅममध्ये आहे, ती मात्र वापरायची नाही असं तिने बजावलं.

आदेशांची भीती वाटत असेल आणि फाइल एखाद-दुसरीच असेल, तर क्रोममध्ये ती पासवर्ड घालून उघडा, छापायला द्या आणि छपाईयंत्राच्या जागी `Save as PDF` निवडा. नवी प्रत बिनपासवर्डाची निघते. पण ही फाइल उलगडलेली नसते, नव्याने छापलेली असते. त्यामुळे अनुक्रमणिकेच्या खुणा आणि भरायच्या रकाने बहुधा गळून पडतात. मालकाने छपाईवर बंधन घातलं असेल तर हा मार्ग अडू शकतो. आणि प्रत कुठल्याही मार्गाने काढलेली असो, पाठवण्याआधी तिच्यातला एक शब्द शोधून बघा आणि एक ओळ निवडून बघा. मी एवढंच केलं असतं तर ती फोटोंची फाइल माझ्याकडून पुढे गेलीच नसती.

एक गोष्ट आम्हालाही नंतर लक्षात आली. काही विवरणपत्रांवर डिजिटल सही होती. उघड्या प्रतीत ती अवैध दिसू लागली. यात कुणाची लबाडी नाही. सही फाइलमधल्या ठरावीक बाइटांवर केलेली असते, आणि कूटबद्धता काढून फाइल पुन्हा लिहिली की ते बाइट बदलतात. म्हणून जिथे सहीची पडताळणी होणार असेल तिथे मी कुलूपबंद मूळ फाइलच पासवर्डासकट देते, आणि उघड्या प्रती फक्त हिशेबाला वापरते.

पैशांपैकी वार्षिक शुल्क तक्रार केल्यावर परत आलं, चाचणीची रक्कम गेली ती गेली. चढवलेलं विवरणपत्र मात्र परत मागता येत नाही. ‘एका तासात फाइल पुसतो’ असं तिथे लिहिलेलं आहे, आणि ते लिहिणारे तेच, ज्यांना कोऱ्या पानाचा पासवर्ड पाऊण मिनिटात सापडला होता. त्यांच्याकडे आता माझा खातेक्रमांक, पत्ता, एका महिन्याचे सगळे व्यवहार आणि तो पासवर्ड, म्हणजे जन्मतारीखही आहे. जुन्या फाइलींचा पासवर्ड बदलता येत नाही, जशा पाठवल्या तशाच त्या राहतात. मी खातं असलेल्या संस्थेला कळवून ठेवलं, आणि ओळख पटवायला कुणी फोनवर जन्मतारीख विचारतं तिथे तिच्याबरोबर दुसरा प्रश्नही लावून घेतला. गेल्या आठवड्यात त्या संकेतस्थळाकडून मेल आला: तुमची सदस्यता संपली आहे, तुमच्या पस्तीस फाइली अजून बंद आहेत का?

त्यांच्याकडे मी एकच चढवली होती. पण तिच्या नावात ‘३६ पैकी १’ असं मीच लिहिलं होतं.