सीलबंद लिफाफा की ई-निविदा: छताच्या वॉटरप्रूफिंगच्या दोन नोटिसा शेजारी ठेवून

काम सारखंच आहे: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, अंदाजपत्रकीय रक्कम 25 लाख. एक नोटीस एका शिक्षण संस्थेची, लाखेने सीलबंद केलेले लिफाफे मागवणारी. दुसरी एका सरकारी बांधकाम विभागाची, mahatenders.gov.in वर भरायची. दोन्ही उदाहरणादाखल बेतलेल्या आहेत, पण अटी रोज छापून येतात त्याच धर्तीच्या. भरणारा आहे लहान कंत्राटदार. दोन्हींसाठी धावपळ करण्याइतकी माणसं त्याच्याकडे नाहीत, म्हणून एकच निवडायची आहे.

| | संस्थेची नोटीस | विभागाची नोटीस |
|---|---|---|
| प्रसिद्धी | 6 ऑगस्ट | 6 ऑगस्ट |
| अनुभव | 10 लाखांचं एक पूर्ण काम | 80 टक्क्यांचं एक, 50 टक्क्यांची दोन किंवा 40 टक्क्यांची तीन पूर्ण कामं |
| बयाणा | 25,000, डिमांड ड्राफ्ट | 25,000, ऑनलाइन |
| शेवटची वेळ | 22 ऑगस्ट, दुपारी 3. त्याच दिवशी 4 वाजता उघडणार | 27 ऑगस्ट, संध्याकाळी 5 |
| दर | बाबनिहाय, हाताने लिहून | अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी वा जास्त |

बरेच जण आधी फॉर्म फी आणि बयाणा बघतात. तिथे फरक पडत नाही. निवड ठरते ती अनुभवाच्या अटीवर, आणि ती अट वाचताना कॅल्क्युलेटर हाताशी हवा.

विभागाच्या अटीचे रुपये करून पाहा. 80 टक्के म्हणजे 20 लाखांचं एक काम, 50 टक्के म्हणजे साडेबारा लाखांची दोन, 40 टक्के म्हणजे 10 लाखांची तीन. ही कामं गेल्या 7 वर्षांतली हवीत. ही 7 वर्षं मोजायची ती नोटीस निघाली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे इथे 31 जुलैपर्यंत. आता समजा कंत्राटदाराकडे 13 लाखांचं आणि 11 लाखांचं अशी दोन पूर्ण कामं आहेत आणि 18 लाखांचं तिसरं 12 ऑगस्टला संपतंय. 20 लाखांचं एकही नाही. साडेबारा लाखांवरचं पूर्ण काम एकच. 10 लाखांवरची पूर्ण कामं दोनच. तिन्ही दारं बंद! तिसरं काम 31 जुलैआधी संपलं असतं, तर 18 आणि 13 धरून दुसऱ्या पर्यायात तो सहज बसला असता. निविदा भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी काम पूर्ण झालं म्हणून भागत नाही. बिल किती निघालं याने तर काहीच होत नाही, पूर्णत्वाचा दाखला लागतो.

संस्थेच्या अटीत तो आरामात बसतो. पण त्याची पूर्ण झालेली कामं खासगी सोसायट्यांची असतील, तर नुसत्या लेटरहेडवरच्या दाखल्यावर समिती शंका घेते. सोबत टीडीएसचा फॉर्म 16ए किंवा 26एएस जोडलेला बरा. दाखल्यावरची रक्कम आणि टीडीएसवरून निघणारी रक्कम जुळत नसेल, तर जीएसटी धरून की वगळून, हे एका ओळीत लिहून द्यावं.

उद्यम नोंदणी आहे म्हणून बयाणा माफ, ही समजूत दोन्हीकडे अडचणीत आणते. केंद्राच्या खरेदी धोरणातली ती सवलत माल आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाच्या कंत्राटात ती गृहीत धरू नये. नोटिशीत स्पष्ट लिहिलं असेल तरच.

आता सादर करण्याची पद्धत. सीलबंद प्रकारात दोन लिफाफे तिसऱ्या मोठ्या लिफाफ्यात जातात. पहिल्यात कागदपत्रं आणि ड्राफ्ट, दुसऱ्यात फक्त दरपत्रक. ड्राफ्ट चुकून दुसऱ्यात गेला तर पहिला उघडताच बयाणा नाही असा शेरा पडतो आणि दुसरा लिफाफा उघडतच नाहीत. उलट चूकही तितकीच वाईट: पहिल्यात कुठेही दर दिसला की निविदा बाद होऊ शकते. ड्राफ्ट ज्या नावाने आणि ज्या गावी देय हवा, ते नोटिशीतून अक्षर न् अक्षर उतरवून बँकेत द्यावं. मोठ्या लिफाफ्यावर निविदा क्रमांक, कामाचं नाव आणि उघडण्याची तारीख लिहायची. पोस्टाने पाठवण्यापेक्षा स्वतः जाऊन पेटीत टाकावा. पोस्टाला झालेला उशीर भरणाऱ्याच्याच माथी बसतो.

आणि दरपत्रक. बाजारात वॉटरप्रूफिंगचा दर चौरस फुटात बोलला जातो, निविदेत एकक असतं चौरस मीटर. मनात 45 रुपये फूट असेल तर लिहायचे 484 रुपये, कारण एका चौरस मीटरमध्ये 10.764 चौरस फूट. घाईत त्या रकान्यात 45 पडले तर निविदा सर्वांत कमी ठरते आणि मग दोनच वाटा उरतात: दहाव्या हिश्शाहून कमी दरात काम, नाहीतर बयाणा जप्त. अंकात आणि अक्षरात फरक असेल तर बहुतेक अटींत अक्षरी दर धरतात, म्हणून अक्षरी रकाना आधी भरावा. खाडाखोड झाली तर तिथे सही हवीच.

ई-निविदेत ही चूक होत नाही, कारण एकच टक्का टाकायचा असतो. तिथे वेगळ्या चुका होतात. बीओक्यूची, म्हणजे दर भरायच्या तक्त्याची, एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवली की तिचं नाव बदलू नये, बदललेली फाइल पोर्टल घेत नाही. शुद्धिपत्रकात नवी बीओक्यू आली असेल तर जुनी भरून उपयोग नाही, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत रोज पान उघडून पाहावं. एनईएफटीने बयाणा भरताना पोर्टलचं चलन वापरायचं आणि रक्कम पैशापर्यंत तंतोतंत हवी. ती नोंदली जायला वेळ लागतो, तेव्हा किमान एक दिवस आधी भरावी. डिजिटल सही, म्हणजे क्लास 3 चं यूएसबी टोकन, नसेल तर ते मिळवून पोर्टलवर नोंदवण्यात दोन-तीन दिवस जातात. सर्वांत फसवी जागा शेवटची: सगळ्या फाइली चढवल्या तरी ‘Freeze Bid Submission’ बटण दाबेपर्यंत निविदा सादर झालेली नसते. पावती आणि बिड आयडी हातात आला की झालं. आणि घड्याळ पोर्टलचं चालतं, भिंतीवरचं नाही.

पैसा कुठे अडकतो, हेही बघा. समजा विभागाच्या नोटिशीत कमी दरासाठी जादा सुरक्षा अनामतीचं कलम असं आहे: 10 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर 1 टक्का, त्यापुढे 15 टक्क्यांपर्यंत, जितका टक्का जास्त उतराल तितका त्यात मिळवायचा. 14 टक्के कमी भरलं तर 4 आणि 1 मिळून 5 टक्के, म्हणजे अंदाजपत्रकीय रकमेवर सव्वा लाख. हे कलम न वाचता दर पाडणारा निविदा जिंकतो आणि कामाच्या पहिल्या महिन्यात मजुरीला हात आखडतो. संस्थेच्या नोटिशीत असं काही नसेल, पण बिल किती दिवसांत देणार हेही सहसा नसतं. निविदापूर्व बैठक ठेवली असेल तर हा प्रश्न तिथे लेखी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं.

वरच्या कंत्राटदाराने संस्थेचीच निविदा भरावी. विभागाच्या अटीत तो बसत नाही आणि 27 तारखेपर्यंत बसणारही नाही. मात्र 12 ऑगस्टला तिसरं काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला लगेच मागून घ्यावा आणि त्यावर प्रत्यक्ष पूर्ण झाल्याची तारीख आहे ना, हे पाहावं. सप्टेंबरमध्ये निघणाऱ्या 25 लाखांच्या नोटिशीत 31 ऑगस्टपर्यंतची कामं धरली जातील आणि तेव्हा 18 व 13 ची जोडी चालेल.