घरपट्टी: भाडेमूल्यावर की भांडवली मूल्यावर?

भाडेमूल्य पद्धतीत घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल याचा अंदाज धरतात आणि दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून उरलेल्या करयोग्य मूल्यावर घरपट्टी आकारतात. महिना 3,000 रुपये भाडे धरले, तर वर्षाचे 36,000 आणि करयोग्य मूल्य 32,400 रुपये होते. मुंबईने 2010 पासून स्वीकारलेली भांडवली मूल्य पद्धत शीघ्रसिद्धगणक या मालमत्तांच्या सरकारी दरतक्त्यातील दर घेऊन त्याला क्षेत्रफळाने आणि वापर, बांधकामाचा प्रकार व वय यांच्या भारांकांनी गुणते. भाडेनियंत्रणातील जुन्या चाळीचे मूल्य पहिल्या पद्धतीत गोठून राहते आणि शेजारच्या नव्या सदनिकेवर कितीतरी पट कर बसतो. ही तफावत दुसरीत कमी होते, म्हणून मला ती उजवी वाटते, जरी जमिनीचा भाव वाढल्याने निवृत्त घरमालकाचे उत्पन्न वाढत नसले तरी.

लहान शहरांतील वसुली मात्र केवळ पद्धत बदलून सुधारणार नाही. नगरपरिषदेची चार वर्षांनी व्हायची फेरआकारणी लांबते, घरावर मजला चढतो आणि नोंदवहीत पत्र्याची खोलीच राहते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसनोंद झाली नाही, तर मागणी बिल मृताच्याच नावे निघते आणि कोणीच ते आपले मानत नाही. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागत गेली, की 50 महिन्यांत ती मुद्दलाइतकी होते, आणि मग थकबाकीदार भरणा करण्याऐवजी शास्ती माफ करणाऱ्या पुढच्या अभय योजनेची वाट पाहतो.