नोकरीत असताना की सोडल्यावर? एकच अट, दोन निकाल

जळगावच्या एका ठिबकच्या कंपनीतल्या आमच्या मावसभावाच्या करारात अट आहे, नोकरीत असताना आणि सोडल्यावर 2 वर्षं खान्देशात दुसऱ्या ठिबकवाल्याकडे काम नाही. तो घाबरलाय. पण भो, या दोन वेगळ्या अटी आहेत.

नोकरी चालू असतानाची अट कोर्टात सहसा टिकते. 1967 च्या गोलिकरी केसमध्ये 5 वर्षांचा करार मधेच सोडून माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, सुप्रीम कोर्टाने उरलेल्या मुदतीसाठी त्याला अडवलं. म्हणजे मुदतीचा करार असेल तर नुसता राजीनामा टाकून सुटका होईलच असं नाही, हे बरेच जण विसरतात.

सोडल्यानंतरच्या 2 वर्षांचं मात्र उलट. करार कायद्याचं कलम 27 म्हणतं, धंदा-व्यवसाय करायला अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. इंग्लंडमध्ये अट वाजवी आहे का ते बघतात, आपल्याकडे नोकरी संपल्यावर तो प्रश्नच येत नाही, 2 वर्षं काय नि 2 महिने काय, फक्त जळगाव असो की अख्खा खान्देश.

भावाच्या करारात ठरलेली मुदत नाही, नोटीस पूर्ण करून तो धुळ्याला जाऊ शकतो. फक्त डीलरांची गोपनीय यादी पेनड्राइव्हवर नेली तर गुपित फोडल्याची वेगळी केस होईल, तिथे कलम 27 वाचवणार नाही.