दरफरकाचा दावा: ऑफिसात तपासावा की गोदामात?

कंपनीने १ जूनपासून रंगाच्या डब्याचा दर ६० रुपयांनी उतरवला. करारानुसार जुन्या दराच्या शिल्लक मालावर डीलरला फरक मिळतो. फोंड्याच्या डीलरने ४०० डब्यांचे २४,००० रुपये मागितले.

ऑफिसातली तपासणी तासाभरात होते. एप्रिल-मेमध्ये ६५० डबे पाठवले होते, म्हणून ४०० शिल्लक असणे शक्य वाटले आणि दावा मंजुरीला गेला. पण कंपनीची बिले माल गेला एवढेच सांगतात. तो विकला गेला की नाही, हे त्यांत दिसत नाही. गोव्यात तर पावसाआधी रंगकामाची घाई असते, त्यामुळे मेअखेर एवढा साठा उरणे मला खटकले.

म्हणून १२ जूनला सकाळी दुकान उघडताच मी गोदामात मोजणी केली. २१० डबे निघाले. १ ते ११ जूनची विक्री ९५, ती मिळवली. याच काळात आलेले ४० वजा केले. १ जूनची शिल्लक २६५ ठरली.

इथे घाई करू नये. त्या ४० डब्यांचे बिल ३० मेचे, जुन्या दराचे होते. माल वाटेत होता. करारात ‘बिल झालेला माल’ असे शब्द होते, म्हणून ते डीलरच्या हक्काचे. ग्राह्य ३०५, जादा मागितलेले ९५, म्हणजे ५,७०० रुपये.

दावा लहान असेल तर ऑफिसातली तपासणी पुरते. मोठ्या दाव्याला गोदामच गाठावे, तेही आठवड्या-दोन आठवड्यांत. उशीर झाला की मोजणीवरून मागे जाणारा उलटा हिशेब अधिकाधिक डीलरच्या विक्रीबिलांवर टेकतो.